बारा मिनिटांच्या लघुपटात संगीत कुठे थांबावं?

चित्रीकरण झालेलं असतं, संकलनही उरकलेलं असतं. मग दिग्दर्शक संगीतकाराला फोन करतो आणि सांगतो, "भावाबहिणीच्या सीनला जरा सॅड म्युझिक टाक, बाकी तुला वाटेल तिथे." कितीतरी नवख्या लघुपटांचं पार्श्वसंगीत एवढ्याच सूचनेवर तयार होतं. संगीतकार बिचारा सुरक्षित मार्ग धरतो. पहिल्या दृश्यापासून श्रेयनामावलीपर्यंत कीबोर्डचे लांबलचक सूर पसरतो, मध्ये एक बासरी घालतो, आणि दु:खाच्या जागी व्हायोलिन. पाहणाऱ्याला तिसऱ्या मिनिटानंतर ते संगीत ऐकूच येईनासं होतं. मग नेमक्या प्रसंगी ते कितीही मोठं केलं तरी उपयोग होत नाही.

हे टळावं म्हणून सिनेमाच्या धंद्यात एक बैठक असते, तिला 'स्पॉटिंग' म्हणतात. दिग्दर्शक, संगीतकार आणि शक्य असेल तर संकलक, असे दोघं-तिघं एकत्र बसतात, फिल्म थांबवत थांबवत पाहतात, आणि प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न विचारतात: संगीत कुठे आत येईल, कुठे बाहेर जाईल, आणि का? कोणतं वाद्य, कोणता राग, किती तालवाद्यं, हे त्या दिवशी बाजूला ठेवायचं असतं. बैठकीतून निघालेली टिपणं हा संगीतकाराचा कामाचा कागद. बारा मिनिटांच्या लघुपटाला ती दीड-दोन पानांत मावतात. पण त्या दीड पानावर फिल्मचा अर्थ बदलू शकतो.

या टिपणांतला 'कुठे आत येईल' हा रकाना बहुतेक जण भरतात. 'कुठे बाहेर जाईल' हा रकाना मात्र रिकामा राहतो, किंवा तिथे 'सीन संपेपर्यंत' असं लिहून मोकळं होतात. खरी कसोटी याच रकान्यात लागते. संगीत सुरू होणं ही प्रेक्षकाच्या दृष्टीने जशी एक घटना असते, तशीच ते थांबणं हीसुद्धा असते. ज्या शब्दाच्या आधी संगीत थांबतं, तो शब्द आपोआप जड होतो. थांबण्याची जागा ठरवली नसेल, तर कुठला तरी भलताच शब्द जड होऊन बसतो.

स्पॉटिंगची पहिली अट म्हणजे चित्राचं संकलन पक्कं झालेलं हवं. ते झालं की संकलक फिल्मची एक प्रत देतो, तिच्या कोपऱ्यात सतत पळणारे आकडे असतात. हा टाइमकोड. त्यात आकड्यांच्या चार जोड्या असतात: तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम. फिल्म शून्यापासून सुरू न करता 01:00:00:00 पासून सुरू करण्याची पद्धत आहे. त्यामुळे 01:04:51:12 याचा अर्थ फिल्म सुरू झाल्यापासून ४ मिनिटं, ५१ सेकंद आणि १२ फ्रेम. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या, तर या बारा फ्रेम म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. एवढा बारकावा कशाला, हे पुढे दिसेलच.

उदाहरणासाठी एक काल्पनिक लघुपट घेऊ. एका तालुक्याच्या गावी राहणारी चाळिशीची बाई. तिच्या आईच्या पाटल्या काही वर्षांपूर्वी सराफाकडे गहाण पडल्या आहेत. आई आता नाही. बाईने पैसे साठवले आहेत. सकाळी स्वयंपाकघरात डब्यातल्या नोटा मोजून, गहाणवटीची पावती पर्समध्ये घालून ती एसटीने शहरात जाते. सराफ वही उलगडून सांगतो, की या पाटल्या तिच्या भावाने गेल्या वर्षीच सोडवून नेल्या. ती तडक भावाच्या घरी जाते. भांडण होतं. भाऊ शेवटी कपाटातून एक फाइल काढतो. पाटल्या विकून त्याने आईच्या शेवटच्या आजारपणाचं हॉस्पिटलचं बिल भरलेलं असतं, आणि आईनेच 'ताईला सांगू नकोस' असं बजावलेलं असतं. बहीण नोटांची पुरचुंडी टेबलावर ठेवून निघून जाते. एकूण बारा मिनिटं.

पहिल्याच दृश्यात शेजारच्या घरातला रेडिओ वाजतो आहे. हे संगीत कथेतल्या माणसांनाही ऐकू येतं, म्हणून ते पार्श्वसंगीतात मोडत नाही. पण स्पॉटिंगच्या टिपणात त्याची नोंद हवीच. संगीतकाराला ते गाणं कोणत्या पट्टीत आहे आणि कुठे बंद होतं हे माहीत नसेल, तर त्याचा पहिला सूर त्या गाण्यावर चढेल आणि दोन्ही बेसूर लागतील. आपल्या फिल्ममध्ये बाई खिडकी लावते तेव्हा रेडिओ थांबतो. म्हणजे त्याला बाहेर जायची जागा कथेनेच दिली आहे.

अशा कथेतल्या संगीताची ताकद मराठी प्रेक्षकाने 'फँड्री'त अनुभवली आहे. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटात जब्याचं कुटुंब डुकराच्या मागे धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि जब्या जागच्या जागी ताठ उभा राहतो. तिथे संगीत कधी सुरू होणार आणि कधी संपणार, हे कोणा संगीतकाराच्या हातात नाही. राष्ट्रगीत सुरू झालं की ते पूर्ण व्हावं लागतं, आणि तोवर हलता येत नाही. हाती येणारं डुक्कर निसटतं. संगीताच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा नियम प्रसंगातच असला, की तो किती धारदार होतो, याचा हा नमुना.

रेडिओ बंद झाला. आता एसटीचा प्रवास. इथे दिग्दर्शकाचा हात सवयीने संगीताकडे जातो: प्रवास आहे, संवाद नाहीत, मग काहीतरी वाजायला हवं. मराठी लघुपट करणारे पुष्कळ जण एकांकिका स्पर्धांतून येतात, आणि ही सवय तिथली आहे. रंगमंचावर ब्लॅकआउट होतो, अंधारात दोघं-तिघं खुर्च्या हलवतात, मोड्याचा आवाज येतो, विंगेत कोणीतरी कुजबुजतं. ते झाकायला संगीत लागतंच. म्हणून संगीत चालवणारा मुलगा संहितेच्या समासात वाक्यावाक्यावर खुणा करून बसलेला असतो: अमुक वाक्य संपलं की सुरू, दिवे आले की हळूहळू बंद. नटाने आज पॉज लांबवला तर तोही थांबतो. रंगभूमीवर हे बरोबर आहे. पण फिल्ममध्ये एका दृश्यातून दुसऱ्यात जायला एका फ्रेमचाही अंधार लागत नाही. तिथे झाकण्यासारखं काही नसताना दोन दृश्यांच्या सांध्यावर संगीत लावलं, की प्रत्येक सांधा दिसायला लागतो आणि फिल्मचे तुकडे पडतात.

आपल्या फिल्ममध्ये या प्रवासावरच शीर्षक येतं, म्हणून दिग्दर्शक हट्ट धरतो आणि टिपणात पहिली नोंद होते. तिला नाव मिळतं `1M1`. म्हणजे पहिल्या रिळातला पहिला संगीततुकडा. रिळं गेली तरी नाव टिकलं आहे. १ मिनिट १८ सेकंदांपासून १ मिनिट ४६ सेकंदांपर्यंत, एकूण २८ सेकंद. कारणाच्या रकान्यात दिग्दर्शक लिहितो, 'शीर्षक'. हे कारण कमकुवत आहे. पण त्याचं पुढे काय होतं ते पाहू.

आता सराफाची पेढी. चौथ्या मिनिटाच्या २२ व्या सेकंदाला सराफ म्हणतो, "या तर तुमच्या भावानं सोडवून नेल्या." जवळजवळ प्रत्येक नवा दिग्दर्शक या वाक्याच्या शेवटी बोट ठेवतो आणि म्हणतो, इथे संगीत. दूरदर्शन मालिकांनी आपल्याला हेच शिकवलं आहे: धक्का बसला की 'धडाम', आणि तोच चेहरा तीन बाजूंनी तीन वेळा. पण वाक्यावर संगीत आलं तर ते प्रेक्षकाला नवं काही सांगत नाही. सराफ जे बोलला तेच ते पुन्हा बोलतं. शिवाय त्या क्षणी बाईच्या चेहऱ्यावर नेमकं काय आहे, हे प्रेक्षक अजून वाचतो आहे. राग आहे? अविश्वास? की फक्त हिशेब चुकल्याचा गोंधळ? संगीताने तिथे उत्तर दिलं, तर प्रेक्षक चेहरा वाचायचं सोडून देतो.

म्हणून बैठकीत फिल्म पुढे जाऊ दिली जाते. बाई विचारते, "कधी?" सराफ तारीख सांगतो. ती नोटा पुन्हा पुरचुंडीत बांधते, पावती उचलायला हात पुढे करते, आणि ती तिथेच ठेवून देते. पर्सची चेन लावते. वळते. इथे, ४ मिनिटं ५१ सेकंद १२ फ्रेमवर, पहिल्यांदा काहीतरी बदललं आहे: आतापर्यंत तिला बातमी कळत होती, आता तिने ठरवलं आहे. संगीताची जागा ही. भावना शिगेला पोहोचते तिथे संगीत आणण्यापेक्षा पात्राची दिशा बदलते तिथे आणलेलं बहुतेक वेळा चांगलं, हा या कामातला सर्वांत उपयोगी अंदाज.

संगीताने आपल्या येण्याचा एक नियम पाळला तर काय साधतं, ते १९७५च्या 'जॉज'मध्ये दिसतं. स्टीव्हन स्पीलबर्गच्या या चित्रपटात शार्क जवळ आला की जॉन विल्यम्सचे ते दोन खर्जातले सूर सुरू होतात. शार्क प्रत्यक्ष दिसत नसतानाही प्रेक्षक त्या सुरांवर विश्वास ठेवायला शिकतो. मग एका प्रसंगी समुद्रकिनाऱ्यावर पाण्यात पर दिसतो, माणसं किंचाळत पळतात, पण ते सूर येत नाहीत. पुढे कळतं, की दोन पोरांनी खोटा पर लावून गंमत केली होती. संगीताने खोटं बोलायला नकार दिला. ज्या प्रेक्षकाने हा नियम नकळत पकडलेला असतो, त्याला त्या गोंधळात काहीतरी चुकतंय असं आधीच वाटतं. आपल्या छोट्या फिल्मला असा एखादा नियम हवा. इथे तो सोपा आहे: बाई एकटी असताना आणि काही ठरवल्यावरच संगीत येईल. दुसरं माणूस समोर असताना नाही.

अर्ध्या सेकंदाचा प्रश्न इथे येतो. बाई वळते त्या फ्रेमवर एक कट आहे. पुढचं चित्र बाजारपेठेतलं आहे. संगीत बरोबर कटवर सुरू केलं तर कान आणि डोळा एकदम दचकतात आणि कट उघडा पडतो. कटच्या बारा-पंधरा फ्रेम आधी, म्हणजे चेनचा आवाज येताच पहिला सूर हलकेच निघाला, तर तो तिच्या मनातून आल्यासारखा वाटतो आणि तिला पेढीबाहेर ओढून नेतो. कटनंतर सेकंदभराने आला, तर तो बाजाराचा सूर होतो. तिच्या निर्णयाचा राहत नाही. तिन्ही करून पाहायला पाच मिनिटं लागतात. चेनचा आवाज वापरण्यात आणखी एक सोय आहे. संगीताचा प्रवेश एखाद्या खऱ्या आवाजाच्या आडोशाला झाला, की तो कधी झाला हे कळत नाही.

हा तुकडा संपायचा कुठे? 'भावाच्या घरी पोहोचेपर्यंत' हे उत्तर पुरेसं नाही. दार दिसतं तेव्हा, बेल वाजते तेव्हा, दार उघडतं तेव्हा, की वहिनी "या ना, वन्सं" म्हणते तेव्हा? वहिनीच्या वाक्याखाली संगीत विरत गेलं, तर ते साधं स्वागत गूढ वाटू लागतं. जणू वहिनीच्या मनात काही काळंबेरं आहे. बेलवर तोडलं, तर बेल हा तडाखा होतो आणि भांडण सुरू होण्याआधीच प्रेक्षक सावध होतो. फिल्ममध्ये बाई दारासमोर उभी राहते, बेलकडे हात नेते आणि क्षणभर थांबते. आतून कुकरची शिट्टी येते. टिपणात लिहायचं ते हे: ५ मिनिटं ३६ सेकंद, शिट्टीखाली शेवटचा सूर विरू दे, शिट्टी संपेल तेव्हा काहीही उरलेलं नसावं. मग बेल वाजते ती शांततेत. घरातलं रोजचं आयुष्य सुरू आहे आणि ही बाई बाहेर आग घेऊन उभी आहे, हे त्या शिट्टीने सांगितलं. पंचेचाळीस सेकंदांचा `1M2` तिथे संपला.

पूर्ण झालेली नोंद साधारण अशी दिसते:

`1M2`, आत `01:04:51:12`, बाहेर `01:05:36:00`. आत: पर्सच्या चेनच्या आवाजाखाली, कटच्या आधी. बाहेर: कुकरच्या शिट्टीखाली विरत. कारण: तिने ठरवलं आहे, पण काय ते आपल्याला माहीत नाही. राग दाखवू नये. बाजारातली गाडी आणि माणसांचे आवाज राहणार आहेत, तेव्हा वरच्या पट्टीत गर्दी नको.

या नोंदीत एकाही वाद्याचं नाव नाही. 'इथे व्हायोलिन' असं लिहिलं की संगीतकार व्हायोलिन वाजवून देतो आणि सुटतो. 'राग दाखवू नये' असं लिहिलं की त्याला विचार करावा लागतो. शेवटचं वाक्य मात्र तांत्रिक आहे आणि तेही हवं. संगीतकाराच्या खोलीत बाजाराचे आवाज नसतात. तो स्वच्छ शांततेवर संगीत रचतो, आणि ध्वनिमिश्रणाच्या दिवशी त्याच्या नाजूक जागा रिक्षाच्या हॉर्नखाली गडप होतात.

पुढची जवळजवळ चार मिनिटं भावाच्या घरात भांडण आहे. त्यासाठी टिपणात एकच ओळ: 'संगीत नाही.' ही ओळ मुद्दाम लिहायची असते. नाहीतर संगीतकाराला वाटतं की विसरले, आणि तो आपल्या मनाने काहीतरी भरून पाठवतो. कारणही लिहायचं: भाऊ खरा की बहीण खरी, हे प्रेक्षकाने स्वतः ठरवायचं आहे. संगीत आलं की ते कोणाची तरी बाजू घेतं. सूर कितीही तटस्थ ठेवले तरी ज्याच्या वाक्याखाली ते वाजतात, त्याच्याकडे सहानुभूती झुकते. पंख्याची घरघर, वहिनीने आत भांडी आपटणं, हेच इथलं पार्श्वसंगीत, आणि ते काम साउंड डिझायनरचं.

दिग्दर्शकाने 'संगीत नाही' म्हटलं की संगीतकाराने गप्प बसायचं का? या प्रश्नाचं प्रसिद्ध उत्तर १९६०च्या 'सायको'त आहे. न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नको, असं आल्फ्रेड हिचकॉकने ठरवलं होतं. बर्नार्ड हर्मनने तरीही तंतुवाद्यांचा तो चिरकणारा तुकडा लिहिला आणि ऐकवला. हिचकॉकने मत बदललं. आज तो प्रसंग आठवताना लोकांना आधी ते संगीतच आठवतं. या गोष्टीचा दाखला देऊन पुष्कळ संगीतकार शांत जागा भरून टाकतात, पण तो अर्धाच दाखला झाला. त्या प्रसंगात संवाद नाहीत, कोणाची बाजू घ्यायची नाही, आणि ते संगीत काहीही समजावून सांगत नाही; ते थेट अंगावर येतं. आपल्या भावाबहिणीच्या भांडणात यातलं काहीच नाही. टिपणांवर वाद घालायला हरकत नाही. तो प्रत्यक्ष वाजवून घालावा, एवढंच.

आता सर्वांत अवघड जागा. नवव्या मिनिटाला भाऊ कपाट उघडतो आणि फाइल काढतो. संगीताला आत यायला इथे चार दारं आहेत: तो कपाट उघडतो तेव्हा, ती कागद वाचायला लागते तेव्हा, ती वर पाहते तेव्हा, किंवा ती घराबाहेर पडल्यावर. कपाटाशी आणलं, तर बहिणीच्या आधी प्रेक्षकाला कळतं की भाऊ निर्दोष आहे. कागद वाचण्याचा सगळा ताण गेला. वाचताना आणलं, तर संगीत कागदावरच्या आकड्यांना रडवतं. वर पाहते तेव्हा ती विचारते, "मला का नाही सांगितलंस?" आणि भाऊ काहीच बोलत नाही. इथला मोह सर्वांत मोठा.

सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त अशाच एका जागी संगीत आलं आहे. दूरवरून परतलेला हरिहर मुलीसाठी आणलेली साडी दाखवतो. मुलगी गेली हे त्याला ठाऊक नाही. सर्बजया कोसळते, तिचं तोंड उघडतं, पण तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच, चिरत जाणारा सूर येतो. हे संगीत रडण्याच्या जोडीला आलेलं नाही. रडण्याचा आवाज काढून घेऊन त्याची जागा त्याने घेतली आहे. दोन्ही एकदम वाजले असते, तर ते नाटकी झालं असतं. या चित्रपटाचं संगीत रविशंकर यांनी एकाच लांबलेल्या बैठकीत ध्वनिमुद्रित केलं. ते कार्यक्रमांत व्यग्र असत, वेळ कमी होता. तरीही कोणता सूर कुठे येणार आणि तिथे दुसरा कोणता आवाज हटणार, याचा निर्णय इतका ठाम आहे.

आपल्या फिल्ममध्ये मात्र काढून घेण्यासारखा आवाज नाही, कारण भाऊ गप्पच आहे. गप्प माणसावर संगीत ओतलं, तर त्याची चुप्पी भरून निघते, आणि ती भरायला नको आहे. पंखा फिरत राहतो. सहा सेकंद कोणी बोलत नाही. ती पुरचुंडी टेबलावर ठेवते. तेही कोरडंच. मग ती जिन्यात येते, दोन पायऱ्या उतरते आणि कठड्याला धरते. १० मिनिटं १८ सेकंद. ती पुन्हा एकटी आहे, आणि आपण ठरवलेल्या नियमाप्रमाणे संगीताला आता यायची परवानगी आहे. `1M3` इथे सुरू होतो, आणि पेढीबाहेरचाच सूर यावेळी धिम्या लयीत येतो. मधल्या पावणेपाच मिनिटांच्या कोरडेपणामुळे त्याला जोर लावावा लागत नाही.

तो संपतो ११ मिनिटं ७ सेकंदांवर, एसटीत, कंडक्टरच्या "पुढे सरका" या हाकेच्या तोंडावर, न विरता, एकदम. इथे तोडणंच योग्य. विरत नेलं असतं, तर ते तिच्याबद्दल हळहळत राहिलं असतं. तोडल्यावर ती पुन्हा गर्दीतली एक बाई होते. थांबण्याचा असा टोकाचा वापर मराठी प्रेक्षकाने 'सैराट'च्या शेवटी पाहिला आहे. गाण्यांनी आणि मोठ्या वाद्यवृंदाने भरलेल्या त्या चित्रपटात शेवटच्या प्रसंगातून संगीतच काय, आवाजच काढून घेतला आहे. आधीचे दोन-अडीच तास संगीत भरभरून होतं, म्हणून ती शांतता एवढी आदळली. जो लघुपट सुरुवातीपासून कोरडा आहे, त्याला शेवटी शांतता दाखवून फारसं काही मिळत नाही.

नंतर पंधरा सेकंद फक्त एसटीचा आवाज, आणि ११ मिनिटं २२ सेकंदांपासून श्रेयनामावलीवर `1M4`, ३८ सेकंद.

ही सगळी मेहनत दोन गोष्टींनी वाया जाते. पहिली म्हणजे तात्पुरतं संगीत. संकलन चालू असताना लय सापडावी म्हणून संकलक कुठल्या तरी गाजलेल्या चित्रपटाचा तुकडा लावून ठेवतो. महिनाभर तोच ऐकून दिग्दर्शकाचा कान त्यावर बसतो, आणि मग कोणीही काहीही रचलं तरी ते 'तसं' वाटत नाही. स्टॅन्ली कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून संगीत करून घेतलं आणि शेवटी तात्पुरते लावलेले अभिजात संगीताचे तुकडेच ठेवले, आपलं संगीत वापरलेलं नाही, हे नॉर्थला चित्रपट पाहताना कळलं. म्हणून स्पॉटिंगला बसताना फिल्म एकदा तरी तात्पुरतं संगीत पूर्ण बंद करून पाहावी. जिथे काहीच खटकलं नाही, तिथे संगीताची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट अधिक रुक्ष आहे. बैठक झाल्यावर संकलकाला सुचतं की पेढीतला सराफाचा एक पॉज लांब आहे, आणि तो १८ फ्रेम कापतो. एवढ्याने त्यापुढचं सगळं पाऊण सेकंदाने सरकलं. चेनचा आवाज निघून गेल्यावर संगीत येतं, कुकरची शिट्टी आधीच संपते आणि शेवटचा सूर वहिनीच्या वाक्यावर पडतो. संगीतकाराला वाटतं मिश्रणात चूक झाली, मिश्रण करणाऱ्याला वाटतं संगीत चुकीचं पाठवलं. ओळखायची खूण सोपी: एकच तुकडा चुकत असेल तर दोष त्या तुकड्याचा, एका ठिकाणापासून पुढचे सगळे सारख्याच अंतराने चुकत असतील तर चित्र बदललं आहे. यासाठी टिपणाच्या माथ्यावर फिल्मच्या कोणत्या प्रतीवरून ते केलं, तिचं नाव आणि तारीख लिहायलाच हवी.

चार तुकडे मिळून २ मिनिटं ४० सेकंद झाले होते. आठवड्याने संगीतकार कच्चे तुकडे घेऊन येतो आणि `1M1` आणतच नाही. त्याचं म्हणणं, नियम असा ठरला होता की बाई एकटी असेल आणि तिने काही ठरवलं असेल तरच संगीत. एसटीत अजून तिने काहीच ठरवलेलं नाही, आणि शीर्षकाला इंजिनाचा आवाज पुरेसा आहे. दिग्दर्शक ते २८ सेकंद संगीताशिवाय पाहतो, पुन्हा एकदा पाहतो, आणि टिपणातली ती ओळ खोडतो. बारा मिनिटांच्या फिल्ममध्ये आता संगीत आहे २ मिनिटं १२ सेकंद, आणि त्यातला पहिला सूर ऐकू येतो तो पाचव्या मिनिटाच्या तोंडावर.